फरश्या किती लागतील?

३४० × २८० सेंटिमीटरच्या खोलीत ६० × ६० सेंटिमीटरच्या फरश्या बसवायच्या आहेत. क्षेत्रफळांचा भागाकार २६.४ येतो, म्हणजे २७ फरश्या. पण तेवढ्याच आणल्या तर काम अडेल. का, ते आपण चौकटीच्या कागदावर आखून पाहू. सांध्यांची जाडी तूर्त सोडून देऊ.

लांबीत ५ आणि रुंदीत ४ अशा २० अखंड फरश्या बसतात. दोन कडांना ४० सेंटिमीटरची पट्टी उरते. तिच्यासाठी एका कडेला ५, दुसरीला ४ आणि कोपऱ्यात १ अशा १० फरश्या कापाव्या लागतात. कापून उरलेला २० सेंटिमीटरचा तुकडा कुठेच पुरत नाही. दोन जोडले तर मध्ये सांधा दिसतो. एकूण फरश्या ३०.

आता ३२० × २७५ची खोली घेऊ. अखंड फरश्या २०च. ३५च्या पट्टीसाठी ५ फरश्या कापल्या की २५ सेंटिमीटरचे ५ तुकडे उरतात. ते आडवे-उभे फिरवले की त्यांतूनच २०ची पट्टी आणि कोपरा निघतो. एकूण २५ पुरतात. मात्र नक्षीला दिशा असेल तर तुकडे असे फिरवता येत नाहीत.

म्हणजे घट ठरते ती भागाकाराच्या बाकीवर. सरसकट दहा टक्के जादा धरले, तर पहिल्या खोलीला जेमतेम ३० मिळतात. फुटीसाठी दोन-तीन वेगळ्याच धराव्या लागतात.