दर्या आणि दऱ्या : मराठी पुस्तकाची अक्षरजुळणी

सह्याद्रीवरचं एखादं पुस्तक छापायला निघालं की ‘दऱ्या’ हा शब्द पानोपानी येतो. त्यातला अर्धा र नीट सांभाळला नाही, तर दऱ्यांचा दर्या होतो आणि डोंगरातल्या वाटसरूच्या पायाशी अचानक समुद्र येतो. शब्दतपासणीच्या सोयीला हे कळत नाही, कारण तिच्या लेखी दोन्ही शब्द बरोबरच असतात.

जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत, त्यामुळे फॉन्ट बदलला की मजकुराचा कचरा व्हायचा. युनिकोडमध्ये आकार साठवले जात नाहीत, वर्ण साठवले जातात. र, हलन्त आणि य एकापुढे एक आले की जोडाक्षर घडवण्याचं काम फॉन्ट करतो.

```
र + ् + य = र्य
ऱ + ् + य = ऱ्य
```

पहिल्या जोडीतून रफार मिळतो, दुसरीतून मराठीचा खास अर्धा र. हाच अर्धा र साध्या र आणि हलन्तापुढे ZWJ नावाचं अदृश्य चिन्ह टाकूनही मिळतो. मजकूर साफ करताना ते चिन्ह पुसलं गेलं, की रफार परत येतो. शिवाय दोन्ही पद्धती एकाच फाइलीत मिसळल्या, तर एकीचा शोध घेताना दुसरी सापडत नाही. म्हणून जुळणीआधी सगळीकडे एकच पद्धत करून घेतात. मात्र सरसकट ‘र्य’चा ‘ऱ्य’ केला, तर ‘गिर्यारोहक’ बिघडतो. ही दुरुस्ती शब्द बघूनच करावी लागते.

इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला `Adobe World-Ready Paragraph Composer` लावलेला नसेल, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं सुटी पडतात. भाषा मराठी निवडली, की फॉन्टमध्ये सोय असल्यास ल आणि श मराठी वळणाचे येतात.

पुढचा प्रश्न ओळ तोडण्याचा. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे ‘गिर्यारोहकांसाठीसुद्धा’सारखा शब्द ओळीत मावत नाही. तो अखंड खालच्या ओळीत गेला, तर वरच्या ओळीतले शब्द ताणले जाऊन मध्ये पांढऱ्या भेगा दिसतात. जोडाक्षर मधोमध फोडायचं नाही, हा नियम. त्यामुळे ‘र्या’ अखंड राहतो. वाचायला सोपी जागा प्रत्ययाआधीची: ‘गिर्यारोहकां-’ वर आणि ‘साठीसुद्धा’ खाली. इथे साधी आडवी रेघ टाइप केली, तर पुढे मजकूर सरकल्यावर ती ओळीच्या मधोमध येते. त्याऐवजी `Ctrl+Shift+-` दाबून ऐच्छिक संयोगचिन्ह घालतात. ते फक्त ओळ तुटली तरच दिसतं.

शेवटी पीडीएफ. अॅक्रोबॅटमध्ये फाइलीच्या `Properties`मधल्या `Fonts` यादीत प्रत्येक फॉन्टपुढे `Embedded` किंवा `Embedded Subset` दिसायला हवं. मजकूर फक्त काळ्या शाईचा ठेवतात. तो चार रंगांत गेला आणि छपाईत रंग किंचित सरकले, तर बारीक मात्रांना रंगीत कडा येतात. छापखान्याने ही फाइल दुरुस्तीसाठी दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला, तर जोडाक्षरं पुन्हा फुटू शकतात. म्हणून दुरुस्ती मूळ फाइलीत करून नवी पीडीएफ काढतात आणि तिचं कागदी प्रूफ मुद्रितशोधकाकडे जातं.