रंगाने चिकटलेली खिडकी काच न फोडता कशी उघडाल?

दिवाळीआधी घराला ऑइल पेंट मारला. रंग ओला असतानाच झडपा लावून घेतल्या आणि पंधरा दिवसांनी पाहावं तर खिडकी जागची हलेना. जुन्या चाळी-वाड्यांतल्या लाकडी खिडक्यांची ही नेहमीची तक्रार. मग कोणीतरी कोपऱ्यावर जोरात धक्का देतो आणि काचेला तडा जातो.

तडा का जातो? झडप एका कोपऱ्यात मोकळी आणि दुसऱ्या कोपऱ्यात चिकटलेली असते. ढकलताच लाकूड थोडं पिळतं. लाकडाला ते सोसतं, पण वाळून दगड झालेल्या लांबीत (पुट्टीत) बसलेल्या काचेला सोसत नाही. म्हणून आधी रंगाचा पापुद्रा तोडायचा, जोर नंतर लावायचा.

दोन झडपांची, बाहेर उघडणारी खिडकी घेऊ. काचेवर चिकटपट्टी फुलीच्या आकारात लावा. काच फुटलीच तर तुकडे उडणार नाहीत. हातमोजे आणि चष्मा घाला. नव्या पात्याचा कटर चौकट आणि झडप यांच्या फटीत धरून हलक्या हाताने फिरवा. एकाच घावात खोल जायचा प्रयत्न करू नका, पातं घसरतं. दोन-तीन फेऱ्या पुरतात. दोन्ही झडपा जिथे भिडतात ती उभी फट हमखास राहून जाते. वर-खालचे बोल्ट आणि बिजागऱ्यांवरचा रंगही कापा. अनेकदा सगळा अडसर बोल्टातच असतो.

आता लांबी भरायची पातळ पत्ती फटीत घालून हातोडीने हळू ठोका, वीतभर पुढे सरका, पुन्हा ठोका. बारीक 'टक' आवाज येऊन रंगाची रेघ तुटलेली दिसली, की तेवढा भाग सुटला. मग जी झडप आधी उघडते, तिच्या लाकडी पट्टीवर फळीचा तुकडा ठेवून, वरपासून खालपर्यंत थोडं थोडं ठोका. काचेवर हात टेकायचा नाही. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटलं तर चौकटीची कड मोडते.

बाहेरच्या बाजूलाही रंग असेल, तर पहिली झडप सुटल्यावर तिथून दुसरीच्या मधल्या फटीपर्यंत हात पोहोचतो. वरच्या मजल्यावर मात्र बाहेर वाकून हे काम करू नये, सुताराला बोलवावं.

सगळा रंग कापूनही खिडकी हलत नसेल आणि दिवस पावसाळ्याचे असतील, तर लाकूड फुगलेलं असतं. तेव्हा रंधा मारायची घाई नको. हवा कोरडी झाली की झडप पुन्हा आकसते. आत्ता तासलं तर उन्हाळ्यात फट पडेल.

घर जुनं असेल तर आणखी एक काळजी. घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमवर आणणारा नियम २०१६चा आहे. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. त्यामुळे कोरडं घासू नका; पाणी फवारून कापा, पडलेले पापुद्रे ओल्या फडक्याने उचला आणि तोवर मुलांना दुसऱ्या खोलीत ठेवा.

झडप सुटल्यावर कडांवरचा जाड रंग काढून तिथे मेणबत्ती घासा. पुढच्या वेळी रंग मारताना झडपा उघड्याच ठेवा, आणि रंग पूर्ण वाळेपर्यंत दिवसातून दोनदा हलवा.