चरबी उतरवताना पावडरचे डबे कोणाला लागतात?

पोट कमी करायचं म्हणून जिममध्ये नाव घातलं की पहिल्या महिन्यातच हातात एक चिठ्ठी पडते. सकाळी व्यायामानंतर व्हेचा एक स्कूप आणि रोज पाच ग्रॅम क्रिएटिन. दोन्ही डबे मिळून तीन-चार हजारांचा खड्डा. घरी आई विचारते, ‘यानं किडनी जात नाही ना?’ ट्रेनर सांगतो, ‘याच्याशिवाय मसल राहणार नाही.’ दोघांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे आणि बरीच अतिशयोक्ती.

एक गोष्ट आधीच सांगून टाकायला हवी. या दोन्हींपैकी एकही पावडर चरबी जाळत नाही. चरबी उतरते ती खाल्लेल्या कॅलरी खर्चापेक्षा कमी पडल्या की. प्रश्न असतो तो सोबत काय उतरतं याचा. नुसतं खाणं तोडून वजन कमी केलं, तर उतरलेल्या वजनातला साधारण चौथा हिस्सा चरबीचा नसतो, त्यात स्नायूही असतात. ही गळती थांबवायला पावडर किती उपयोगी पडते, एवढाच वाद खरा आहे.

त्यावर कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचा २०१६ सालचा प्रयोग बोलका आहे. जास्त वजनाच्या ४० तरुणांना चार आठवडे गरजेपेक्षा ४० टक्के कमी कॅलरी दिल्या आणि आठवड्यातून सहा दिवस घाम निघेपर्यंत व्यायाम करून घेतला. निम्म्यांना वजनाच्या दर किलोमागे २.४ ग्रॅम प्रथिनं मिळाली, निम्म्यांना १.२ ग्रॅम. जास्त प्रथिनंवाल्यांची चरबी ४.८ किलो उतरली आणि चरबीविरहित वजन १.२ किलोनं वाढलं. दुसऱ्या गटाची चरबी ३.५ किलो उतरली.

व्हेच्या जाहिरातींना सोयीचा आकडा पहिल्या गटाचा. पण दुसऱ्या गटाकडेही नीट पाहायला हवं. इतक्या कडक उपासमारीत, निम्म्याच प्रथिनांवर, त्यांचंही चरबीविरहित वजन घटलं नाही. होतं तिथंच राहिलं. स्नायू धरून ठेवण्याचं मोठं काम वजनं उचलण्यानं केलं होतं. प्रथिनांनी त्यावर भर घातली. २०१८ मध्ये ४९ प्रयोगांचे आकडे एकत्र करून पाहिले, तेव्हाही किलोमागे साधारण १.६ ग्रॅमनंतर स्नायूंना जादा फायदा फारसा दिसला नाही. हे प्रयोग बहुतेक कॅलरी न तोडणाऱ्यांवरचे होते, त्यामुळे डाएटवर असलेल्यानं थोडं वर राहिलं तरी चालेल. किलोमागे तीन-तीन ग्रॅम ढोसण्याला मात्र काही अर्थ नाही.

मग व्हेचा खरा गुण कोणता? कमी कॅलरीत भरपूर प्रथिनं, इतकाच. दूध नासवून पनीर काढल्यावर जे हिरवट पाणी उरतं, त्यातली प्रथिनं गाळून, वाळवून केलेली ही पावडर. ३० ग्रॅमच्या एका स्कूपमध्ये सुमारे २४ ग्रॅम प्रथिनं आणि १२० कॅलरी असतात. हीच २४ ग्रॅम दुसरीकडून मिळवायची झाली तर? शिजवलेलं चिकन ब्रेस्ट ८० ग्रॅम लागतं, कॅलरी जवळपास तितक्याच. सोयाबीनच्या वड्या कोरड्या ४५ ग्रॅम, कॅलरी दीडशेच्या आसपास. अख्खी चार अंडी घेतली तर पावणेतीनशेच्या पुढे. पनीर सव्वाशे ग्रॅम, म्हणजे साडेतीनशे. तुरीची डाळ शंभर ग्रॅमहून थोडी जास्त, तीही साडेतीनशेच. आणि ‘गरिबांचे बदाम’ म्हणून मिरवणारे शेंगदाणे खाऊन ही २४ ग्रॅम गाठायची, तर पाचशेवर कॅलरी पोटात जातात. एरवी शेंगदाणा उत्तम, पण डाएटवर असताना त्याला प्रथिनांचं खातं देऊ नये.

हे गणित एका ताटावर मांडून पाहू. समजा, पुण्यातली पस्तिशीची एक शाकाहारी बाई आहे. वजन ७४ किलो, उतरवून ६४ वर आणायचं आहे, आठवड्यातून तीन दिवस वजनांचा व्यायाम करते. तिला दिवसाला ९० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पुरतील, कारण हिशेब उतरायच्या वजनावर धरला तरी चालतो. आता तिचं खाणं पाहा. सकाळी पोहे आणि चहा मिळून आठ ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या, वाटीभर आमटी, भाजी, ताक यांतून पंधरा. संध्याकाळी चिवडा आणि परत चहा, त्यात चार. रात्री भाकरी, मटकीची उसळ, वाटीभर दही, अठरा. बेरीज ४५. घरचं साधं, चांगलं जेवण आहे हे, पण गरजेच्या निम्म्यावर थांबतं.

पोह्यांच्या जागी भिजवलेल्या मुगाची धिरडी आली की सहा-सात ग्रॅम वाढतात. दुपारच्या भाजीत ४० ग्रॅम सोया वड्या टाकल्या की वीस. संध्याकाळच्या चिवड्याऐवजी ५० ग्रॅम पनीर परतून घेतलं की पाच-सहा, आणि झोपताना एक पेला दूध, आठ. बेरीज ८५ च्या आसपास जाते. डबा विकत न घेता काम झालं. फक्त चारशेएक कॅलरी वाढल्या, म्हणून एक पोळी, चिवडा आणि चहातली साखर वजा करावी लागते. ज्याला सोया वड्या घशाखाली उतरत नाहीत, किंवा सकाळी सातची लोकल पकडताना धिरडी करायला वेळ नाही, त्यानं त्यातल्या दोन पायऱ्या गाळून एक स्कूप घेतला तर तो सोयीचा मार्ग आहे. मटण-मासे-अंडी रोज खाणाऱ्या घरात मात्र व्हेची गरज क्वचितच भासते. एक बांगडा आणि दोन अंडी एवढ्यानंही स्कूपहून जास्त प्रथिनं मिळतात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या आहार मार्गदर्शनात शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळाव्यात असं म्हटलं आहे. सल्ला सरसकट असला तरी त्यामागे एक कारण दुर्लक्ष करण्यासारखं नाही. त्याच वर्षी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन पावडरी तपासल्या गेल्या. त्यांतल्या सुमारे ७० टक्के डब्यांवर लिहिलेलं आणि आत असलेलं प्रथिनांचं प्रमाण जुळत नव्हतं, आणि काहींत बुरशीचं विषही सापडलं. डबा घेताना कंपनीच्या नावाआधी मागची बाजू वाचावी. शंभर ग्रॅम पावडरीत किमान ७० ग्रॅम प्रथिनं आहेत का, हे पाहावं. घटकांच्या यादीत ग्लायसिन किंवा टॉरिन वेगळं लिहिलेलं दिसलं तर सावध व्हावं. प्रयोगशाळेतली रूढ चाचणी प्रथिनं थेट मोजत नाही, नायट्रोजन मोजते. त्यामुळे स्वस्त अमिनो आम्ल मिसळून आकडा फुगवता येतो. आणि ‘मास गेनर’ लिहिलेला डबा तर चुकूनही उचलू नये. त्यात निम्म्याहून जास्त माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे साखरेचाच भाऊबंद असतो. वजन उतरवायला आलेल्यांच्या पिशवीतही हा डबा दिसतो, कारण दुकानदार त्यालाही ‘प्रोटीन’च म्हणतो.

क्रिएटिनची गोष्ट वेगळी. ते अन्न नाही. शरीर स्वतः रोज साधारण एक ग्रॅम बनवतं, थोडं मांस-माशांतून मिळतं, आणि बहुतेक साठा स्नायूंत असतो. झपाट्यानं जोर लावायचा असतो, तेव्हा स्नायू तो वापरतात. पावडर घेतल्यानं साठा भरतो, म्हणून बाराव्या वेळी न उठणारं वजन कदाचित बाराव्यांदाही उठतं. शाकाहारी माणसाच्या स्नायूंत हा साठा मुळात कमी असतो, त्यामुळे त्याला फरक जास्त जाणवण्याची शक्यता आहे. रोज ३ ते ५ ग्रॅम मोनोहायड्रेट पुरतं, वेळ कोणतीही. सुरुवातीला आठवडाभर वीस ग्रॅम घ्यायची पद्धत आहे, तिची सक्ती नाही. रोजच्या तीन ग्रॅमनंही महिन्याभरात साठा भरतो. महागड्या नव्या प्रकारांनी काही जास्त मिळतं असं सिद्ध झालेलं नाही.

डाएटवाल्यांची फसगत होते ती वजनकाट्यावर. क्रिएटिन स्नायूंत पाणी ओढतं. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत काटा अर्धा ते दीड किलो वर जाऊ शकतो. महिनाभर तोंड बांधून ७४ वरून ७२ वर आलेली तीच बाई सकाळी काट्यावर उभी राहते आणि ७३ पाहते. चरबी वाढलेली नसते. कमरेचा फीता तेच सांगतो: तो पूर्वीइतकाच किंवा सैल बसतो. याच पाण्यामुळे संशोधकही चकतात. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात २०२५ मध्ये ५४ जणांवर प्रयोग झाला. व्यायाम सुरू होण्याआधीच्या आठवड्यात क्रिएटिन घेणाऱ्यांचं चरबीविरहित वजन अर्धा किलोनं जास्त वाढलं, पण बारा आठवडे वजनं उचलल्यावर दोन्ही गटांची वाढ सारखीच, सुमारे दोन किलो. आधीचे अनेक प्रयोग क्रिएटिनच्या बाजूनं आहेत, म्हणून एकाच निकालावर ते मोडीत काढता येणार नाही. पण ‘क्रिएटिन नाही तर काही नाही’ म्हणणाऱ्यांची हवा त्यानं नक्की कमी होते.

केस गळण्याची भीती दक्षिण आफ्रिकेतल्या वीस रग्बीपटूंवरच्या २००९ च्या एका छोट्या प्रयोगातून आली. त्यात एका संप्रेरकाची वाढ मोजली होती, केस कुणी मोजलेच नव्हते.

किडनीचं काय? निरोगी माणसात नेहमीच्या मात्रेनं किडनी बिघडल्याचं प्रयोगांत दिसत नाही. गोंधळ होतो तो रिपोर्टमध्ये. क्रिएटिन झिजून त्याचं क्रिएटिनिन होतं, आणि किडनी किती गाळते याचा अंदाज लॅब त्याच क्रिएटिनिनवरून बांधते. पावडर घेणाऱ्याचा आकडा १.० वरून १.३ वर गेला की फॅमिली डॉक्टर दचकतात. पण जादा क्रिएटिनिन बनलं म्हणून आकडा वाढला, की किडनी गाळत नाही म्हणून, हे एवढ्यावरून कळत नाही. म्हणून तपासणीआधी पावडर घेतो हे सांगावं. शंका उरली तर सिस्टाटिन सी नावाची रक्ततपासणी करता येते. तिच्यावर क्रिएटिनचा परिणाम होत नाही.

ज्यांना किडनीचा आजार आधीपासून आहे, त्यांनी मात्र दोन्ही डबे बाजूला ठेवावेत. त्यांच्या प्रथिनांचं माप डॉक्टर ठरवतात. मधुमेह किंवा रक्तदाब अनेक वर्षांचा असेल तर आधी लघवीतली आणि रक्तातली तपासणी करून घ्यावी. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, शाळकरी मुलं यांना हे डबे देण्याचं कारण नाही. दुधाची ॲलर्जी असेल तर व्हे वर्ज्यच. नुसतं दूध पचत नसेल, तर लॅक्टोज जवळजवळ काढलेलं आयसोलेट चालू शकतं.

आणि ज्यांचा व्यायाम म्हणजे सकाळची तासभर चाल किंवा सूर्यनमस्कार, त्यांनी क्रिएटिन सरळ वगळावं. जड वजन उचलायचंच नसेल तर त्याला करायला काही काम उरत नाही. त्या पैशांत घरात दोन डंबेल आणले, तर पुढच्या सहा महिन्यांत स्नायूंना त्यांचा उपयोग जास्त होईल.