अंदाजपत्रकातली शेवटची ओळ

बांधकामाच्या अंदाजपत्रकात पाया, पोलाद, काँक्रीट, छप्पर, वीज असे सगळे खर्च मांडून झाले की शेवटी एक ओळ येते: आकस्मिक खर्च, साइटवरच्या भाषेत कंटिन्जन्सी. तिच्यापुढे बहुतेक वेळा 5 किंवा 10 टक्के असा गोल आकडा असतो. वरच्या ओळींसाठी कोटेशनं मागवली जातात, मोजमापं तपासली जातात. या ओळीची तेवढी चौकशी होत नाही, आणि प्रकल्प करायचा की सोडायचा हे कित्येकदा तिच्यावरच ठरतं.

समजा, एका कंपनीला नाशिकजवळ गोदाम बांधून भाड्याने द्यायचं आहे. जमीन भाडेपट्ट्याने घेतली आहे. बांधकामाचा अंदाज 10 कोटी रुपये. जमिनीचं भाडं, देखभाल आणि कर वजा जाता दरवर्षी हातात 1 कोटी 70 लाख उरतील आणि हे उत्पन्न 15 वर्षं चालेल, असं धरलं आहे. या पैशावर कंपनीला किमान 12 टक्के परतावा हवा आहे. म्हणजे वर्षभराने मिळणाऱ्या रुपयाची आजची किंमत तिच्या लेखी 89 पैसे आणि पंधराव्या वर्षीच्या रुपयाची जेमतेम 18 पैसे. अशा रीतीने सगळी उत्पन्नं आजच्या किमतीत आणली तर बेरीज 11 कोटी 58 लाख होते. त्यातून 10 कोटी वजा केले की उरतात 1 कोटी 58 लाख. हे प्रकल्पाचं निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे एनपीव्ही. ते शून्याच्या वर असेल तर प्रकल्प करण्याजोगा.

आता शेवटच्या ओळीत 10 टक्के लिहा. खर्च 11 कोटी झाला आणि एनपीव्ही 58 लाखांवर आलं. खर्च दहा टक्क्यांनी वाढला, पण एनपीव्ही साठ टक्क्यांहून जास्त घटलं. 15 टक्के धरले तर 8 लाख उरतात आणि 20 टक्क्यांना प्रकल्प 42 लाखांनी तोट्यात जातो. याचं कारण एनपीव्ही हा दोन मोठ्या रकमांमधला लहानसा फरक असतो. शिवाय गुंतवणूक सुरुवातीलाच होत असल्याने तिला वटावाची सवलत मिळत नाही. तरतुदीतला प्रत्येक रुपया एनपीव्हीतून पुरा रुपया कापून नेतो. थोडा दिलासा घसाऱ्याचा. वाढीव खर्च इमारतीच्या किमतीत धरला जातो आणि आयकरात त्यावर दरवर्षी 10 टक्के घसारा मिळतो. कराचा दर 25 टक्के धरला तर खर्चलेल्या रुपयामागे आजच्या किमतीत सुमारे 11 पैसे परत येतात. पुढच्या हिशेबात मी ते बाजूला ठेवले आहेत.

मग हा आकडा आणायचा कुठून? केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्यात एक कोटीच्या वरच्या कामांना 3 टक्के तरतूद करण्याची पद्धत आहे, पण ती मुख्यतः किरकोळ, आधी नोंदता न येणाऱ्या खर्चांसाठी. मोठी जोखीम त्यात मावत नाही. ब्रिटनमध्ये 2002 साली मॉट मॅकडोनाल्ड या सल्लागार संस्थेने सरकारी प्रकल्पांचे अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च ताडून पाहिले. त्यावरून तिथल्या अर्थखात्याने साध्या इमारतींसाठी खर्चात 24 टक्क्यांपर्यंत आणि अनोख्या स्थापत्यकामांसाठी 66 टक्क्यांपर्यंत वाढ धरावी, असं मार्गदर्शन केलं. ही वरची मर्यादा होती. जोखमी जसजशा आटोक्यात येतील तसतसा आकडा खाली आणायचा. म्हणजे सगळ्या कामांना चालेल असा एकच टक्का नसतो.

आपल्या गोदामापुरतं बोलायचं तर काय काय बिघडू शकतं याची यादी करावी लागेल. काळी माती अपेक्षेपेक्षा खोल निघाली तर पायावर 60 लाख जास्त लागतील. शक्यता 40 टक्के. वीज कंपनीने स्वतंत्र रोहित्र आणि वाहिनी मागितली तर 30 लाख, शक्यता निम्मी. अग्निशमनाच्या अटींमुळे आराखडा बदलला तर 40 लाख. शक्यता 30 टक्के. आणि मोजमापातून सुटलेल्या कामांसाठी 20 लाख, जे जवळपास नक्कीच लागतात. प्रत्येक रकमेला तिच्या शक्यतेने गुणून बेरीज केली तर 71 लाख होतात. सगळंच एकदम बिघडलं तर दीड कोटी.

इथे बहुतेक अहवाल घसरतात असं मला वाटतं, कारण या दोन रकमांची कामं वेगळी आहेत. एनपीव्ही काढताना सरासरीने जो खर्च होईल तो धरायचा, म्हणजे 71 लाख. त्याने एनपीव्ही 87 लाख येतं. पैसे उभे करताना मात्र दीड कोटीपर्यंतची सोय हवी, कारण अर्ध्यावर अडकलेलं बांधकाम सर्वांत महाग पडतं. दीड कोटी सरळ एनपीव्हीत घातले, तर जे बहुधा खर्च होणारच नाहीत असे पैसेही खर्च झाल्यासारखे मोजले जातात आणि चांगला प्रकल्प 8 लाखांच्या काठावर येतो. त्यात कोणी सावधगिरी म्हणून 12 ऐवजी 14 टक्के दर लावला, तर उत्पन्नाची आजची किंमत 10 कोटी 44 लाखांवर घसरते आणि प्रकल्प एक कोटीहून जास्त तोट्यात दिसू लागतो. एकाच धोक्याची किंमत दोनदा वसूल झाली, एकदा खर्चात आणि एकदा दरात.

याच्या उलट, जी चूक कोणाच्या नजरेस येत नाही ती वेळेची. काळी माती खोल निघाली की फक्त 60 लाखांवर भागत नाही. पायाचं डिझाइन पुन्हा करावं लागतं, तेवढ्यात जून उजाडतो, खड्ड्यात पाणी भरतं आणि काम दसऱ्यापर्यंत रखडतं. उत्पन्न सहा महिने लांबलं तर 11 कोटी 58 लाखांची आजची किंमत सुमारे 64 लाखांनी घटते. म्हणजे मातीने जितके पैसे खाल्ले त्याहून थोडं जास्तच उशिराने खाल्लं, आणि हा तोटा अंदाजपत्रकातल्या कुठल्याही ओळीत दिसत नाही, कारण तो खर्च नसून उशिरा आलेलं उत्पन्न आहे. त्यालाही 40 टक्क्यांनी गुणलं तर साधारण 26 लाख होतात. प्रकल्पाचं खरं एनपीव्ही 87 नव्हे, 61 लाख. शेवटच्या ओळीत कितीही टक्के लिहिले तरी हे पकडता येत नाही. त्यासाठी उत्पन्नाच्या वेळापत्रकातच विलंब धरावा लागतो.

जमिनीत चार बोअर घेऊन मातीची तपासणी करायला या सगळ्याच्या तुलनेत फार थोडा खर्च येतो. माती खोल नाही असं कळलं तर अपेक्षित आकस्मिक खर्च 47 लाखांवर येतो, विलंबाची भीतीही जाते आणि एनपीव्ही 1 कोटी 11 लाख होतं. खोल निघाली तर खर्च 1 कोटी 7 लाखांवर जातो आणि सहा महिन्यांचा उशीर गृहीत धरून एनपीव्ही अवघं नकारात्मक होतं: सुमारे 13 लाखांचा तोटा. अशा वेळी दुसरा भूखंड बघता येतो, भाडं कमी करून मागता येतं किंवा पाया आधीच वेगळा आखून पावसाळ्यापूर्वी उरकता येतो. मात्र हे सगळं भाडेपट्ट्यावर सही होण्याआधीच शक्य असतं.

काम सुरू झाल्यावर तरतूद पुरेशी होती का हे जोत्यापाशीच कळतं. मातीचा धोका तिथे संपतो, म्हणून त्याच्या नावे ठेवलेले पैसे तेव्हाच मोकळे करून हिशेबाबाहेर काढायला हवेत. ते तसेच राहिले तर फरश्या, रंग, फाटक यांच्यावर हळूहळू खर्च होऊन जातात. आणि जोतं होईपर्यंत तरतुदीतले निम्म्याहून जास्त पैसे मातीशिवाय इतरच कारणांवर संपले असतील, तर मूळ मोजमापच अपुरं होतं असं समजून उरलेल्या कामाचा अंदाज नव्याने करावा लागतो.