फोनवर न मिळणारी क्षमा

मार्च २०२० मध्ये इटलीत चर्चची दारे बंद झाली आणि रुग्णालयांत माणसे एकाकी मरू लागली. ईस्टर तीन आठवड्यांवर आला होता. ईस्टरपूर्वी कन्फेशन करणे ही कॅथलिकांची जुनी रीत आहे. वर्षातून एकदा तरी गंभीर पापांची कबुली द्यावी, हा नियम १२१५ सालच्या लॅटरन धर्मपरिषदेपासून चालत आला आहे. पण फादरच भेटणार नसतील तर काय करायचे? २० मार्चच्या प्रवचनात पोप फ्रान्सिस यांनी याचे उत्तर दिले. धर्मगुरू मिळत नसेल तर थेट देवाशी बोला, खरे काय ते सांगा, मनापासून क्षमा मागा आणि नंतर कन्फेशन करीन असे वचन द्या, असे त्यांनी सांगितले.

मग इतकी शतके त्या लाकडी जाळीपुढे गुडघे टेकायची गरज काय होती, असे बाहेरच्या माणसाला वाटेल. पोपनी मात्र नवे काहीच सांगितले नव्हते. फादर क्षमा करतात आणि देव नाही, असे कॅथलिक श्रद्धा कधीच म्हणत नाही. क्षमा देवाचीच असते. फरक पडतो तो पश्चात्तापाच्या जातीमुळे.

एक उदाहरण घेऊ. समजा, दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या एकाने मालकाचे पन्नास हजार रुपये लांबवले. गोष्ट गंभीर आहे, ती चुकीची आहे हे त्याला पुरते ठाऊक होते आणि कोणी जबरदस्तीही केली नव्हती. या तिन्ही गोष्टी जुळल्या की ते देवाशी नाते तोडणारे पाप ठरते. पुढे त्याला पश्चात्ताप होतो, पण कशामुळे? ज्या देवावर आपले प्रेम आहे त्यालाच आपण दुखावले, या दुःखाने मन भरून आले तर तो परिपूर्ण पश्चात्ताप होय. त्यात पुढे कन्फेशन करण्याचा निश्चयही असला, तर गंभीर पापाचीही क्षमा त्याच क्षणी मिळते, अगदी घरात बसल्या जागी. पोप याच वाटेविषयी बोलत होते.

पण बहुतेकांचे मन इतके निर्मळ नसते. नरकाची भीती असते, स्वतःचीच किळस येते, आतून टोचत राहते. हा पश्चात्ताप अपुरा असला तरी खोटा नाही. तोही देवानेच दिलेला मानतात. मात्र एकट्याने प्रार्थना करताना तो गंभीर पापाच्या क्षमेला पुरत नाही. कन्फेशनमध्ये फादरांच्या तोंडून पापमुक्तीचे वचन मिळाले की तोच पुरतो. माझ्या मते सगळे मर्म इथे आहे: कन्फेशनची वाट वरवर कठीण दिसते, पण दुबळ्या मनाच्या माणसाला तीच सोपी पडते. शिवाय एकट्याने मागितलेली माफी आपल्या मनाने दिली की देवाने, ही शंका उरतेच. इथे दुसऱ्याचा आवाज कानावर पडतो.

ते वचन प्रथमपुरुषी असते. ‘देव तुला क्षमा करो’ एवढ्यावर न थांबता, ‘मी तुला मुक्त करतो’ अशा अर्थाचे शब्द त्रैक्याच्या नावाने उच्चारले जातात. हा ‘मी’ ख्रिस्ताच्या वतीने बोलतो, असे कॅथलिक मानतात. त्याला आधार योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायाचा: पुनरुत्थित येशूने शिष्यांवर फुंकर घातली आणि पापांची क्षमा करण्याचा अधिकार दिला. बहुतेक प्रॉटेस्टंट पंथांना हा अर्थ मान्य नाही. देव आणि माणूस यांच्यामध्ये ख्रिस्ताखेरीज मध्यस्थ नको, असे ते म्हणतात.

आपल्या गल्लेवाल्याचे पुढे काय? पैसे परत करायची तयारीच नसेल तर पश्चात्ताप खरा नाही, म्हणून फादर पापमुक्ती नाकारू शकतात. तयारी असेल तर नाव न सांगता पैसे परत केले तरी चालतात. फादर मात्र मालकाला किंवा पोलिसांना एक अक्षर सांगू शकत नाहीत. जाणूनबुजून गुपित फोडणारा धर्मगुरू त्याच क्षणी आपोआप बहिष्कृत ठरतो. शेवटी एखादी प्रार्थना किंवा सत्कृत्य प्रायश्चित्त म्हणून दिले जाते. पापमुक्ती त्याआधीच मिळालेली असते, त्यामुळे त्याला किंमत समजायचे कारण नाही.

घरी बसून परिपूर्ण पश्चात्ताप झाला असला, तरी गंभीर पाप करणाऱ्याने एरवी कन्फेशनशिवाय कम्युनियन घ्यायचे नसते. दिलेले वचन संधी मिळताच पाळावे लागते. फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर पापमुक्ती देता येत नाही, कारण दोघे समोरासमोर हवेत; साथीच्या काळातही ही सूट मिळाली नाही.

आणि धर्मगुरूला स्वतःला पापमुक्ती देता येत नाही. २८ मार्च २०१४ रोजी सेंट पीटर्स बॅसिलिकात पोप फ्रान्सिस इतरांची कन्फेशन ऐकायला निघाले होते. त्याआधी ते एका साध्या धर्मगुरूपुढे गुडघे टेकून स्वतः कन्फेशनला बसले.