बांधापलीकडचं जस्त

पैनगंगेच्या अलीकडे यवतमाळ, पलीकडे तेलंगणातला आदिलाबाद. दोन्ही काठांवर काळी माती आणि कापूस. या मातीतल्या जस्ताचा नकाशा करायचा, तर प्रत्येक शेत कुठून तपासणार? म्हणून काही शेतांतलं जस्त मोजतात, त्याचा सेंद्रिय कर्बाशी असलेला संबंध समीकरणात बसवतात आणि उरलेल्या शेतांचा अंदाज काढतात. हेच साधं रिग्रेशन. मात्र त्याची एक अट असते: एका शेतात चुकलेल्या अंदाजाचा शेजारच्या चुकीशी संबंध नसावा.

आता माती बांध ओळखत नाही. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की गुण लागतोच! पण खुद्द जस्त शेजारी-शेजारी सारखं असलं तरी बिघडत नाही. कर्बही तसाच पसरलेला असेल, तर ते सारखेपण समीकरण सामावून घेतं. तपासायची असते ती उरलेली चूक, म्हणजे मोजलेलं जस्त वजा अंदाज.

समजा, एका रांगेत सहा शेतं आहेत. पहिल्या तीन शेतांत जस्त अंदाजापेक्षा ०.२ पीपीएम कमी निघालं, पुढच्या तीन शेतांत ०.२ जास्त. चुकांची सरासरी शून्य. आता शेजाऱ्यांच्या पाच जोड्या घ्या आणि प्रत्येक जोडीतल्या चुकांचा गुणाकार करा. चार जोड्यांत +०.०४ येतो, मधल्या एकीत −०.०४. त्यांची सरासरी ०.०२४. तिला चुकांच्या वर्गांच्या सरासरीनं, म्हणजे ०.०४ नं भागलं की ०.६ मिळतो. हाच पॅट्रिक मोरान यांनी १९५० साली मांडलेला निर्देशांक. शेजार नसताच, तर सहा शेतांसाठी तो सरासरी −०.२ आला असता.

मग ०.६ हा योगायोग तर नाही? याच सहा चुका शेतांवर पुन्हा पुन्हा वाटून पाहा. वेगळ्या मांडण्या फक्त २० होतात आणि ०.६ त्यातल्या दोनच देतात. म्हणजे दहात एकदा हे नुसत्या नशिबानंही घडेल. सहा शेतांवर निकाल देता येत नाही. शंभर नमुने असले, तर संगणक अशा हजारो वाटण्या करून उत्तर देतो.

शेजार खरा ठरला, तर शंभर नमुने म्हणजे शंभर स्वतंत्र साक्षी नव्हेत. रिग्रेशन मात्र त्या तशाच मोजतं आणि नकाशा आहे त्यापेक्षा खात्रीचा दाखवतं. अशा वेळी आधी सुटलेलं कारण शोधावं, उदाहरणार्थ मातीखालचा खडक बदलतो का. तेही पुरलं नाही, तर शेजारच्या चुकांवरूनच अंदाज दुरुस्त करणारी क्रिगिंग पद्धत जोडावी.

एक जपावं लागतं. मृदा आरोग्य पत्रिकेच्या योजनेत कोरडवाहू जमिनीत १० हेक्टरला एक नमुना घेतात, म्हणजे दोन नमुन्यांत साधारण तीनशे मीटर. जस्ताचा शेजार शंभर मीटरांतच संपत असेल, तर चाचणीला तो दिसणारच नाही. म्हणून थोडे नमुने मुद्दाम एकाच बांधाच्या दोन्ही बाजूंनी घ्यावेत.