डबा कंपनीचा, राउटर आपला

फायबरचं कनेक्शन घेतलं की कंपनीचा माणूस भिंतीवर जो पांढरा डबा लावून जातो, त्याला सगळे राउटरच म्हणतात. प्रत्यक्षात त्या एका डब्यात तीन यंत्रं असतात. पहिलं यंत्र काचेच्या तारेतून येणाऱ्या प्रकाशाचे विजेचे संकेत करतं, ते ओएनटी. दुसरं राउटर. ते आपल्या नावाने कंपनीकडे लॉगिन करतं आणि मिळालेला एकच आयपी पत्ता घरातल्या सगळ्या फोन-लॅपटॉपना मिळून वापरू देतं. तिसरं वायफाय. यातलं पहिलं सहसा बदलता येत नाही, कारण ते सीरियल नंबरासकट कंपनीच्या यंत्रणेत नोंदवलेलं असतं. दुसरं आणि तिसरं काम मात्र डब्याकडून काढून घेऊन आपण विकत आणलेल्या चांगल्या राउटरकडे देता येतं. डबा त्या अवस्थेत ठेवणं म्हणजे ब्रिज मोड. तो प्रकाशाचे संकेत करून केबलमध्ये ढकलतो, बाकी कशातही लक्ष घालत नाही.

पण डबा कुलूपबंद असतो. त्याच्या मागे छापलेल्या नाव-पासवर्डने आत शिरलं, तर वायफायचं नाव बदलण्यापुरती पानं दिसतात. जिथे ब्रिज करायचं, ते WAN चं पान एकतर दिसतच नाही किंवा दिसलं तरी हात लावू देत नाही.

डोंबिवलीतल्या माझ्या मामेभावाचं उदाहरण सांगतो. त्याला ऑफिसातून घरच्या कॅमेऱ्यांचा डीव्हीआर बघायचा होता. डीव्हीआर थेट इंटरनेटवर उघडा टाकणं धोक्याचं, म्हणून त्याने व्हीपीएनची सोय असलेला राउटर घेतला. महिन्याला जादा पैसे भरून कंपनीकडून स्टॅटिक आयपीही घेतला. नव्या राउटरची WAN केबल कंपनीच्या डब्यात खोचली आणि इंटरनेट लगेच सुरू झालं. बाहेरून व्हीपीएन मात्र काही केल्या जोडेना.

उत्तर राउटरच्या स्टेटस पानावरच होतं. WAN IP म्हणून तिथे `192.168.1.4` दिसत होता. तो कंपनीने दिलेला पत्ता नव्हे, डब्याने घरातल्या एखाद्या फोनला द्यावा तसा दिलेला पत्ता. स्टॅटिक आयपी डब्यापाशीच थांबला होता. बाहेरून आलेली व्हीपीएनची हाक डब्यापर्यंत यायची आणि ती कुणाकडे द्यायची हे ठाऊक नसल्याने डबा ती टाकून द्यायचा. एकामागे एक दोन राउटर पत्ते बदलत बसले की त्याला डबल नॅट म्हणतात.

डबल नॅटमुळे इंटरनेटचा वेग फारसा कमी होत नाही. तक्रार फक्त आतल्या खोलीत वायफाय पोचत नाही एवढीच असेल, तर नवा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाकावा आणि डब्याचं वायफाय बंद करावं. काम भागतं आणि कंपनीला फोनही करावा लागत नाही. ब्रिजची खरी गरज बाहेरून घरात पोचायचं असेल तेव्हा, किंवा फायरवॉल, डीएनएस आणि मुलांच्या फोनच्या वेळा हे सगळं आपल्याच हातात हवं असेल तेव्हा.

त्याआधी डब्याच्या स्टेटस पानावर त्याला स्वतःला कोणता WAN पत्ता मिळालाय ते बघून ठेवावं. तो `100.64` ते `100.127` यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर कंपनीने आपल्याला इतर ग्राहकांबरोबर एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलेलं आहे. हा पट्टा २०१२ पासून खास याच कामासाठी राखून ठेवलेला आहे. अशा वेळी ब्रिज करूनही बाहेरून घरात शिरता येणार नाही, कारण अडवणारा दुसरा राउटर आपल्या घरात नसून कंपनीकडे असतो. आधी स्टॅटिक आयपी मागावा लागतो, किंवा कंपनी आयपीव्ही६ देत असेल तर त्या वाटेने जावं लागतं.

आता कुलूप. डब्यांचे सुपर-अ‍ॅडमिन पासवर्ड इंटरनेटवर फिरत असतात आणि मोह होतो. माझं मत स्पष्ट आहे: त्या वाटेला जाऊ नये. डबा बहुतेक वेळा कंपनीच्या मालकीचा असतो आणि कंपनी त्याची सेटिंग दुरून बदलू शकते. आपण चोरवाटेने केलेला बदल पुढच्या अपडेटला पुसला जातो आणि तक्रार करायला तोंड उरत नाही. त्यापेक्षा कस्टमर केअरला फोन करून ब्रिज मोड मागावा. सोबत दोन गोष्टी नक्की मागाव्यात: पीपीपीओईचं युजरनेम आणि पासवर्ड. ही लॉगिनची माहिती आजवर डब्यात लपलेली होती, ती आता आपल्या राउटरला लागणार. आणखी एक विनंती करावी, हा बदल कंपनीच्या नोंदीतही करा म्हणून, आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवावा.

भावाकडे आलेल्या तंत्रज्ञाने आधीच सांगून टाकलं, ‘‘दादा, ब्रिज करून देतो, पण नंतर वायफायची तक्रार आमच्याकडे नाही करायची.’’ बोलणं रास्त होतं.

काम पाच मिनिटांचं, पण ते बघण्यासारखं असतं. त्याने स्वतःच्या लॉगिनने WAN चं पान उघडलं. यादीत तीन नोंदी होत्या. एक कंपनीला डबा दुरून सांभाळता यावा म्हणून, एक लँडलाइनसाठी आणि तिसरी `3_INTERNET_R_VID_100`. या नावातला `R` म्हणजे राउट, आणि शेवटचा आकडा व्हीलॅनचा. एकाच तारेवरून जाणारी इंटरनेटची आणि फोनची वाहतूक वेगळी ओळखू यावी म्हणून तिच्यावर मारलेला हा क्रमांक. तो कंपनीगणिक वेगळा असतो. तंत्रज्ञाने या पानाचा आधी फोटो काढून ठेवायला लावला, मग तिसऱ्या नोंदीचा प्रकार बदलला, आणि नाव झालं `3_INTERNET_B_VID_100`. खाली LAN1 च्या चौकोनात खूण केली, म्हणजे ही ब्रिज फक्त पहिल्या पोर्टवर उतरेल. पहिल्या दोन नोंदींना त्याने हात लावला नाही. तिथे चूक झाली की लँडलाइन मुकी होते. डब्याचं वायफाय त्याने बंद केलं, नाहीतर घरातले फोन सवयीने त्यालाच चिकटतात आणि ‘इंटरनेट नाही’ असं दाखवतात.

आपल्या राउटरवर WAN चा प्रकार `PPPoE` करून युजरनेम-पासवर्ड भरायचा. राउटरचा घरातला पत्ताही बदलावा. आम्ही `192.168.50.1` ठेवला. डबा स्वतः `192.168.1.1` वर आहे. दोघांचे पत्ते सारखे असले, तर पुढे कधी डब्याच्या पानावर जायची वेळ आली की गोंधळ होतो.

इथवर सगळं बरोबर झालं तरी पहिल्या झटक्यात जोडणी होतेच असं नाही. मग कुठे अडलंय हे राउटरच्या लॉगमध्ये वाचता येतं. पीपीपीओईत राउटर आधी `PADI` नावाची हाक देतो: पलीकडे कुणी आहे का? कंपनीचं यंत्र `PADO` म्हणून उत्तर देतं. त्यानंतरच नाव आणि पासवर्डाची पाळी येते.

लॉगमध्ये `PADI` पुन्हा पुन्हा जातोय आणि उत्तर येतच नाही असं दिसलं, तर पासवर्ड तपासण्यात अर्थ नाही, कारण गाडी तिथवर पोचलेलीच नाही. केबल LAN1 ऐवजी दुसऱ्या पोर्टात असेल, ब्रिज सेव्ह झाली नसेल किंवा व्हीलॅन चुकला असेल. व्हीलॅनची चूक फार होते. आमच्या डब्यात क्रमांक आधीच भरलेला होता आणि तो शिक्का डबाच मारत होता. अशा वेळी आपल्या राउटरवर व्हीलॅनची जागा रिकामी सोडायची. दोन्हीकडे `100` भरलं तर शिक्क्यावर शिक्का बसतो आणि पलीकडून उत्तर येत नाही. उलट, डबा शिक्का न मारता सगळं जसंच्या तसं पुढे पाठवत असेल, तर क्रमांक राउटरवर भरावाच लागतो. नेमकं काय केलंय हे तंत्रज्ञ दारात असतानाच विचारून घ्यावं.

`PADO` आला आणि त्यानंतर `Authentication failed` दिसलं, तर वाट मोकळी आहे, अडलंय ते ओळखीपाशी. पासवर्ड चुकला असेल, किंवा डब्याचं जुनं लॉगिन कंपनीकडे अजून चालू धरलं जात असेल. एका खात्यावर एकच जोडणी चालत असेल, तर जुनी सुटेपर्यंत नवी नाकारली जाते. भावाकडे हेच झालं होतं. राउटर बंद करून थोडा वेळ थांबलो, परत चालू केला, आणि WAN IP च्या जागी त्याचा स्टॅटिक आयपी उमटला. काही छोटे केबलवाले खातं जुन्या यंत्राच्या मॅक पत्त्याशी बांधून ठेवतात. तिथे थांबून उपयोग नाही, त्यांना तो मोकळा करायला सांगावं लागतं.

जोडणी झाल्यावरही एक दोष लपून राहतो. व्हॉट्सअ‍ॅप चालतं, बरीच संकेतस्थळं उघडतात, पण एखादं बँकेचं पान नुसतं फिरत राहतं. नेहमीच्या पाकिटात १५०० बाइट मावतात. पीपीपीओई त्यातले ८ स्वतःसाठी घेतं, म्हणून राउटरवर MTU `1492` हवा. विंडोजवर तो असा तपासता येतो:

```
ping -f -l 1464 1.1.1.1
```

इथे १४६४ मध्ये पाकिटावरचे २८ बाइट धरले की १४९२ होतात. याला उत्तर आलं आणि `1465` ला `Packet needs to be fragmented` असा संदेश आला, तर MTU बरोबर आहे.

ब्रिजनंतर इंटरनेटच्या तोंडावर आपला राउटर उभा असतो, मध्ये डब्याचा आडोसा राहत नाही. त्यामुळे त्याचा मूळ पासवर्ड बदललेला, फर्मवेअर ताजं आणि बाहेरून अ‍ॅडमिन पान उघडण्याची सोय बंद, एवढं त्याच दिवशी करून टाकावं.

पुढे कधी इंटरनेट बंद पडलं तर आधी डब्यावरचे दिवे बघावेत. `LOS` चा दिवा लाल असेल तर प्रकाशच पोचत नाहीये, म्हणजे फायबर तुटलंय किंवा वाकलंय. त्याचा ब्रिजशी संबंध नाही. `PON` हिरवा स्थिर असूनही राउटर `PADI` वरच अडकला असेल, तर लॅपटॉपची केबल थेट LAN1 मध्ये घालावी. लॅपटॉपला आपोआप `192.168.1` चा पत्ता मिळाला आणि इंटरनेट चाललं, तर दुरून आलेल्या अपडेटने `B` चा पुन्हा `R` केला आहे. जुना तक्रार क्रमांक सांगून ब्रिज परत करून घ्यावी. तसं झालं नसेल, तर विंडोजमध्ये पीपीपीओईने जोडायची सोय असतेच. त्याच युजरनेमने लॅपटॉपवरून जोडून बघावं. जोडलं गेलं तर दोष आपल्या राउटरमध्ये आहे. नाही जोडलं गेलं, तर आलेल्या चुकीचा स्क्रीनशॉट काढून कंपनीला फोन लावावा. ‘तुमचा राउटर खराब असेल’ हे ठरलेलं उत्तर मग त्यांना देता येत नाही.